चेंज पॉइंटच्या पुढची तीन वाचनं

साळुंखेबाई घाबरट होत्या, हे कॉलेजात शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. वर्गाला कुलूप लावलं की त्या चार पावलं जाऊन परत येत आणि कुलूप ओढून बघत. वाशीच्या घरात गॅसचा रेग्युलेटर बंद केला की नवऱ्याला, म्हणजे दिलीपरावांना, बोलावून दाखवत. दिलीपराव महाप्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. ते म्हणत, “तुझ्या माहेरी कालव्याचं पाणी कमी आणि भीतीचं जास्त असेल.” बाई साताऱ्याकडच्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी सिव्हिलचा डिप्लोमा करणाऱ्या त्यांच्या वर्गात दोनच मुली होत्या, आणि दुसरीचं लग्न दुसऱ्या वर्षालाच झालं. बाई, म्हणजे गोजरा, मात्र शिकली, कालव्याच्या सर्व्हेवर चार वर्षं उन्हात उभी राहिली आणि लग्नानंतर नव्या मुंबईत आली. इथे खाडीजवळच्या एका खाजगी डिप्लोमा कॉलेजात ती सर्व्हे शिकवू लागली. नोकरी अजून कायम नव्हती. सहा वर्षं झाली तरी नव्हती. या सप्टेंबरात होईल, असं प्राचार्य म्हणाले होते.

भीती हा दोष आहे, असं बाईंना स्वतःला वाटत नसे. लेव्हलिंगमध्ये, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजण्यात, घाबरट माणूसच कामाचा, असं त्या मुलांना सांगत. यंत्राचा बुडबुडा मध्ये आहे का ते वाचनाआधी बघा आणि वाचनानंतरही बघा. आकडा पुसायचा नाही. त्यावर एक सरळ रेघ मारायची, वर नवा लिहायचा आणि सही करायची. रबर घेऊन मोजणीला येणाऱ्या मुलाला त्या परत पाठवत.

असा सगळा दरारा असलेल्या बाईंची स्वतःची सही ज्या दिवशी चुकीची ठरली, तो ऑगस्टातल्या अमावास्येचा बुधवार होता.

सकाळचा तास होता. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला आर.एल. काढायच्या दोन पद्धती शिकवायच्या होत्या. आर.एल. म्हणजे समुद्राच्या सरासरी पातळीपासून त्या जागेची उंची. बाई दरवर्षी तेच सांगत, घरातल्या भाषेत. “समजा, खोलीचं छत जमिनीपासून किती उंच आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. आता पेटीची, कॉटची, माठाची उंची काढायची. कशी काढाल? छतापासून खाली मोजाल आणि वजा कराल. यंत्राची नजर म्हणजे ते छत. ती सगळीकडे सपाट असते. स्टाफवर, म्हणजे समोर उभ्या धरलेल्या आकड्यांच्या लांब पट्टीवर, दिसणारा आकडा म्हणजे छतापासून खाली किती. म्हणून आकडा मोठा, तर जमीन खाली. आकडा लहान, तर जमीन वर.”

मग छताची उंची कळणार कशी? त्यासाठी बेंचमार्क, म्हणजे एक पक्की खूण. त्याची उंची आधीच माहीत असते. त्यावर स्टाफ धरून पहिलं वाचन घ्यायचं, ती बॅकसाइट. बेंचमार्कच्या उंचीत ती मिळवली की यंत्राच्या नजरेची उंची मिळते. त्यातून मधली वाचनं एकेक वजा करत जायचं. दूर गेलं की दिसेनासं होतं; तेव्हा एका पक्क्या दगडावर शेवटचं वाचन घ्यायचं, ती फोरसाइट. यंत्र उचलून पुढे न्यायचं आणि त्याच दगडावर पुन्हा पहिलं वाचन घ्यायचं. तो दगड म्हणजे चेंज पॉइंट. “इथं लक्ष द्या,” बाई म्हणत. “यंत्र हललं की तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात. छत बदललं.”

दुसरी पद्धत राइज-फॉलची. तिच्यात छताची भानगडच नाही. लागोपाठच्या दोन वाचनांतला फरक घ्यायचा. आकडा कमी झाला तर जमीन तेवढी चढली, वाढला तर उतरली. मागच्या आर.एल.मध्ये ते मिळवायचं किंवा त्यातून वजा करायचं. पद्धत थोडी लांबची, म्हणून साइटवर कोणी वापरत नाही.

पुस्तकातली उदाहरणं मुलं पाठ करतात, म्हणून बाईंनी त्या दिवशी कपाटातून मागच्या वर्षीचं खरं फील्डबुक, म्हणजे मोजणीची वही, काढलं. डिसेंबरात मुलांनी बोनकोडे गावामागच्या खाडीच्या बांधाची लेव्हल घेतली होती. बांधाचं काम एका कंत्राटदाराकडे होतं. त्याचा ओव्हरसिअर हौसेराव साताऱ्याकडचा, बाईंच्या ओळखीतला. त्याने विचारलं होतं, मुलांचं प्रॅक्टिकलही होईल आणि आमचंही काम होईल. बांध साडेतीन मीटरच्या पातळीचा हवा होता. जिथे कमी असेल तिथे माती टाकायची. मुलांचे आकडे सगळे साडेतीनच्या आसपास आले. माती टाकायची गरज पडली नाही.

बाईंनी फळ्यावर नुसती वाचनं लिहिली. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावरचा बेंचमार्क ४.१२०. त्यावर बॅकसाइट ०.९५०. मग बांधावर शून्य मीटरला १.४८०, तीसला १.५०५, साठला १.५६०. चेंज पॉइंट, बांधात रुतलेला काळा दगड : फोरसाइट १.८७०, नवी बॅकसाइट १.२५५. मग नव्वदला १.५२५, एकशे वीसला १.५८०, दीडशेला १.५४०. शेवटी उघाडीच्या दगडी भिंतीवरचा दुसरा बेंचमार्क, फोरसाइट ०.८८५. उघाडी म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं आणि ओहोटीला गावाचं पाणी सोडणारं दार. त्या भिंतीची उंची आधीपासून माहीत होती, ३.५७५. मुलांची आली होती ३.५७०. पाच मिलिमीटरचा फरक. बाईंना तेव्हा समाधान वाटलं होतं.

“राइज-फॉलने काढा,” त्या म्हणाल्या, आणि फील्डबुक पहिल्या बाकावरच्या सईकडे दिलं. “तू उत्तरं पडताळ.”

वर्ग गणितात बुडाला. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. बाहेर वारा होता, कॉलेजच्या मागची तिवरं एका बाजूला झुकली होती.

सई हळू मुलगी होती. हळू म्हणजे मंद नाही. एक ओळ दोनदा करणारी. तिने हात वर केला तेव्हा बाईंना वाटलं, हिची ओळ चुकली.

“बाई, बेरजा जुळतात. राइज ०.६९५, फॉल १.२४५, फरक ०.५५०. बॅकसाइट आणि फोरसाइटचाही तोच. शेवटचा आर.एल. पण तोच, ३.५७०. पण मधले तीन जुळत नाहीत.”

“कोणते?”

“दगडाच्या पुढचे. नव्वदला इथे ३.५४५ लिहिलंय, माझा २.९३० येतो. एकशे वीसला ३.४९०, माझा २.८७५. दीडशेला ३.५३०, माझा २.९१५.”

“पुन्हा कर.”

“दोनदा केलं, बाई.”

बाईंनी पुस्तक घेतलं. पानाच्या कोपऱ्यावर पिवळा डाग होता. तो बघितला आणि त्यांना आधी तेच आठवलं. डिसेंबरातल्या एका रविवारी निशांत नावाचा मुलगा हे पुस्तक घेऊन घरी आला होता. ओट्यावर दूध ऊतू जायला आलं होतं, सासूबाईंना बाथरूममधून उठवायचं होतं, हाताला हळद होती. निशांत म्हणाला होता, बाई, हौसेराव खाली जीप घेऊन थांबलेत. बाईंनी ओल्या हाताने बेरजा बघितल्या. बॅकसाइटची २.२०५, फोरसाइटची २.७५५, फरक ०.५५०. पहिला आणि शेवटचा आर.एल., फरक ०.५५०. जुळलं. सही केली. दूध वाचलं होतं, हेही आठवलं.

आता त्यांनी नीट बघितलं. पहिल्या यंत्राच्या नजरेची उंची ५.०७०. दगडावर यंत्र बदललं तेव्हा ती झाली ४.४५५. ती दगडाच्या ओळीत बारीक अक्षरात कोंबलेली होती, चिखलाच्या बोटाच्या ठशाखाली. मुलांची सवय बाईंना ठाऊक होती. आधी बेंचमार्क, दगड, बेंचमार्क एवढंच गणित करायचं, ते जुळलं की आनंदाने चहा प्यायचा, आणि मधली वाचनं नंतर बसमध्ये बसून भरायची. निशांतने ती तिन्ही वाचनं वरच्या ठळक ५.०७०मधून वजा केली होती. दुसऱ्या खोलीतल्या वस्तू पहिल्या खोलीच्या छतापासून मोजल्या होत्या. तिन्ही आकडे ०.६१५ने जास्त. आणि बेरजेला याचा पत्ताच लागत नाही. त्या बेरजेत मधली वाचनं येतच नाहीत. ती फक्त आधीच्या आणि शेवटच्या टोकाला हात धरून चालते.

आणि आकडे किती शहाण्यासारखे दिसत होते. साडेतीनच्या आसपास, एका रांगेत. मधला दगड तेवढा ३.२००, तो बाजूला उतारावर असेल असं बाईंनी तेव्हा धरलं होतं. विचारलं नव्हतं.

“बाई, कोणाचं बरोबर?” सईने विचारलं.

“तुझं,” बाई म्हणाल्या. त्यांनी मुलांना उरलेला वेळ वाचायला सांगितला आणि बाहेर येऊन व्हरांड्याचा कठडा धरला.

बांध तिथे साडेतीनला नव्हता. दोन नव्वदच्या आसपास होता, आठ महिने होता, आणि त्याच्या मागे घरं होती. त्यातलं एक हिरामणचं होतं.

हिरामण सर्व्हे लॅबचा खलाशी, म्हणजे यंत्रं उचलणारा मदतनीस. बोनकोड्याचाच. बाप मिठागरावर होता, जमिनी शहरात गेल्या, हिरामणला कॉलेजात स्टाफ धरायची नोकरी लागली. जुन्या डम्पी लेव्हलच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. सहा वर्षं बाईंनी हिरामणला डोकं खाली, पाय वर असाच बघितला होता. तो स्टाफ इतका सरळ धरी की वाचन हलत नसे. डिसेंबरात त्या बांधावर, काळ्या दगडाच्या पुढे उभा राहून तो म्हणाला होता, “बाई, यो बांद हितं बसलाय. मांडीभर खाली गेलाय.” तेव्हा गवत उंच होतं, उतार हळू होता, नजरेला सगळं सारखं वाटत होतं. बाई हसून म्हणाल्या होत्या, “डोळ्याने लेव्हल कळत असती, तर एवढं जड यंत्र तुझ्या खांद्यावर कशाला दिलं असतं?” मुलं हसली होती. हिरामणही हसला होता.

बाईंनी लॅबमध्ये जाऊन त्याला सांगितलं. सगळं, आकड्यांसकट. हिरामण स्टाफ पुसत होता, पुसत राहिला. मग म्हणाला, “उद्या मोठी भरती हाय. दुपारी एकला.”

“आजपेक्षा मोठी?”

“अवसेच्या दुसऱ्या दिसाची मोठी. आजच्याहून ईतभर वर येनार. वारा हाय तं जास्तीच.” स्टाफ कोपऱ्यात ठेवून तो म्हणाला, “आय खाटंवर हाय, बाई.” त्याची आई रंगूबाई महिन्यापूर्वी पाय मोडून पडली होती. त्यांच्या आळीत अकरा घरं, सगळी बांधाच्या पायथ्याशी. नव्या सेक्टरांचा भराव झाल्यापासून गाव बशीत बसल्यासारखं झालं होतं. आत आलेलं पाणी बाहेर जायला फक्त ती उघाडी, आणि भरतीला ती बंद.

दुपारी अडीचला पाणी उतरू लागल्यावर दोघं बांधावर गेले. यंत्र हिरामणने लावलं. उघाडीच्या भिंतीवर, ३.५७५वर, बॅकसाइट आली ०.७९०. नजरेची उंची ४.३६५. हिरामण स्टाफ घेऊन बांधावर चालत गेला. दगडाकडे जाताना तो दुर्बिणीत हळूहळू बुडत गेला, म्हणजे उलट्या चित्रात वर सरकत गेला. बाईंना ते बघवेना. एकशे वीसला वाचन १.५१५. वजा केलं, २.८५०. आठ महिन्यांत अजून अडीच सेंटिमीटर बसला होता. मग आजच्या भरतीची ओली रेघ. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला शेवाळाच्या वर ताजी काळपट. तिथे १.८५५. म्हणजे २.५१०.

बाईंनी फील्डबुकाच्या कोपऱ्यात मांडलं. उद्या ईतभर म्हणजे बावीस सेंटिमीटर वर : २.७३०. बांध २.८५०. मध्ये उरले बारा सेंटिमीटर. लाटा त्यात धरलेल्या नाहीत.

“किती?” हिरामणने लांबून विचारलं. बाईंनी हाताची चार बोटं आडवी धरली, मग दुसऱ्या हाताची दोन त्यावर ठेवली. हिरामणने ते बघितलं आणि स्टाफ मिटवला.

हौसेरावाकडे जाण्याआधी बाई घरी गेल्या. का गेल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कदाचित कोणीतरी थांबवावं म्हणून. दिलीपराव पहिल्या पाळीहून आले होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि आवाज न चढवता विचारलं, सही खाली अजून कोणाकोणाची आहे. बाईंचीच. मग म्हणाले, भरती येते आणि जाते, दरवर्षी येते. आठ महिने काही झालं नाही, उद्याही होणार नाही. झालं, तर बांध बसला म्हणायचं, माती बसतेच. पण आपण होऊन कागदावर लिहून दिलंस, तर सप्टेंबरातली ऑर्डर विसर. वर केस होईल ती वेगळी. “तू गप्प बसलीस तर तुला कोण विचारणार आहे?”

बाई ओट्याशी उभ्या राहून भात लावत होत्या. तांदळावर पाणी घालून त्यांनी सवयीने बोट बुडवलं. पहिल्या पेराला पाणी यायला हवं. त्यांनी बोट तसंच ठेवलं, बराच वेळ. पेरापासून पाण्यापर्यंत किती अंतर, तेच त्या बघत होत्या. मग हात पुसला, कुकर सासूबाईंना बंद करायला सांगितला आणि फील्डबुक पिशवीत घालून निघाल्या. दिलीपरावांनी दार अडवलं नाही. “छत्री घे,” एवढंच म्हणाले.

हौसेरावाचं आवार महाप्याच्या बाजूला होतं. मुरमाचे ढीग, दोन ट्रक, पत्र्याची केबिन. त्याने आधी गंमत केली.

“आवं म्याडम, परीक्षेआधीच पेपर फोडायला आला का?”

बाईंनी पुस्तक उघडून दाखवलं. त्याला समजायला वेळ लागला नाही. समजल्यावर तो खुर्चीत मागे रेलला. माती टाकायची तर वरच्या साहेबाला कारण द्यावं लागेल. साहेबाच्या फाइलीत या बाईंच्या सहीने ३.४९० लिहिलंय. एका दिवसात तो आकडा बदलला कसा? बाई म्हणाल्या, बदलला नाही, तेव्हाच चुकला होता. “मग तसं लिवून द्या,” हौसेराव म्हणाला. “तोंडी कोन ऐकतंय? उद्या पाणी नाय आलं, तर मी फुकट माती टाकली म्हणून माझ्या मानंवर. आलं, तर तुमच्या.”

त्याचं चूक नव्हतं. त्याने कोरा कागद दिला, पण बाईंनी तो बाजूला सारला. फील्डबुक पुढे ओढलं. ३.५४५वर एक सरळ रेघ मारली, आकडा खालून दिसेल अशी. वर लिहिलं २.९३०. ३.४९०वर रेघ, २.८७५. ३.५३०वर रेघ, २.९१५. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : “चेंज पॉइंटनंतरची वाचनं जुन्या उंचीतून वजा झाली. तपासताना माझ्या लक्षात आलं नाही. आज प्रत्यक्ष मोजणीत १२० मीटरला २.८५०.” सही. तारीख. तिन्ही ठिकाणी पुन्हा छोटी सही. हौसेरावाने ते पान दोनदा वाचलं, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि केबिनच्या बाहेर जाऊन ड्रायव्हरला हाक मारली.

अंधार पडेपर्यंत एक ट्रक मुरूम आणि गोणपाटाची रिकामी पोती बांधाजवळ पडली. सकाळी सहाला दुसरा आला. आळीतली माणसं पोती भरत होती, बायका त्यांची तोंडं शिवत होत्या. दगडापासून उघाडीपर्यंत शंभर मीटर, दोन थर. बाईंनी रजा टाकली होती. अकरा वाजता सई आणि आणखी चार मुलं मदत हवी का विचारायला आली. बाईंनी त्यांना परत जायला सांगितलं, ती गेली नाहीत. रंगूबाईला खाटेसकट उचलून शाळेच्या ओट्यावर नेलं. जाताना ती बाईंकडे बघून हिरामणला काहीतरी म्हणाली. बाईंना ऐकू आलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

उघाडीला खाडीकडे दगडी पायऱ्या होत्या. सकाळच्या ओहोटीत बाईंनी खालच्या एका पायरीची उंची काढून ठेवली होती, ०.९६०. हिरामणने त्या पायरीवर स्टाफ उभा करून भिंतीच्या कडीला सुतळीने बांधला. आता यंत्र नको होतं. पाणी स्टाफवर जिथे लागेल तो आकडा पायरीच्या उंचीत मिळवायचा. इथे वजा करायचं नाही. “इथे पाणी आपल्याकडे वर येतंय,” बाई सईला म्हणाल्या.

बारा वाजता १.४१०. लाटेचा वरचा आणि खालचा आकडा घेऊन बाई मधला लिहीत. सव्वाबाराला १.५६०. साडेबाराला १.६८०. म्हणजे पाणी २.६४०ला. वारा खाडीवरून थेट बांधावर येत होता. लाटा लहान होत्या पण सारख्या, पोत्यांच्या खालच्या थराला चाटून जायच्या. पाऊण वाजता १.७७०. २.७३०, हिरामणची ईत संपली. पाणी अजून चढतच होतं.

एकशे वीसपाशी पोत्यांच्या खालून आत ओल आली. आधी काळा पट्टा, मग बोटाएवढी धार. हौसेराव ओरडला नाही, फक्त हात दाखवला, आणि दोघांनी तिथे ओला चिखल लाथेने दाबला. धार थांबली, हातभर पुढे निघाली. हिरामण पोत्यांना पाठ लावून खाली बसला, पाय आळीच्या बाजूला रोवून. त्याच्या पाठीमागे लाट फुटली की त्याच्या केसांवर पाणी उडायचं. बाई स्टाफजवळून हलू शकत नव्हत्या. आपण आकडा वाचायचा थांबवला तर पाणी चढतच राहील, अशी काहीतरी वेडी भीती त्यांना धरून होती.

एक वाजता १.८२५. एक वाजून दहा मिनिटांनी १.८४५.

पाणी २.८०५, बांध २.८५०. साडेचार सेंटिमीटर. त्यावर लाटा, आणि लाटांपुढे पोती. पोती नसती तर, हे गणित बाईंनी मांडलं नाही.

सव्वाला १.८४५.

“थांबलं का, बाई?” सईने विचारलं.

बाई स्टाफकडेच बघत राहिल्या. एक वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा १.८४०. पाच मिलिमीटर लाटेतही चुकतात. पंचवीसला १.८३०. दीडला १.८०५. तीन वाचनं एकामागून एक उतरती आली तेव्हा बाईंनी पेन्सिल कानामागे अडकवली आणि पायरीवर बसल्या. आळीत मागच्या दोन घरांत घोटाभर पाणी झिरपलं होतं, तेवढंच.

प्राचार्यांचं पत्र शनिवारी आलं. निष्काळजीपणाबद्दल खुलासा करावा. बाईंनी खुलासा एका ओळीचा केला आणि सोबत फील्डबुकाच्या पानाची झेरॉक्स जोडली, हळदीच्या डागासकट. सप्टेंबरात ऑर्डर आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. दिलीपरावांनी तो विषय काढला नाही, पण रेग्युलेटर दाखवायला बोलावलं की आता ते मुकाट्याने उठून येत.

बाई घाबरट होत्या त्याहून जास्त झाल्या. मुलं कुरकुरत, कारण प्रत्येक पान दोन्ही पद्धतींनी सोडवावं लागे, आणि चेंज पॉइंटनंतर नजरेची नवी उंची पुढच्या प्रत्येक ओळीत पुन्हा लिहावी लागे, लाल पेन्सिलने. आणखी एक गोष्ट त्या करायला लावत, जी कुठल्याच पुस्तकात नाही. यंत्र लावण्याआधी त्या हिरामणला रेषेवरून एकदा चालायला सांगत. तो जिथे थांबेल आणि काही बोलेल, ते मुलांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं, त्याच्याच शब्दांत.

“हितं खाली हाय,” हिरामण म्हणायचा, आणि बाई मुलांकडे बघायच्या, पेन्सिल चालते की नाही ते.